कार्बनी संयुगाचं नाव: मुख्य साखळी कशी निवडायची, नंबर कुठून द्यायचे

प्रश्न: सर, मी पुण्यात अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. आययूपीएसी नावं देताना माझी मुख्य साखळीही चुकते आणि नंबरही. क्लासमध्ये "ज्या टोकाकडून नंबरांची बेरीज कमी येते तिकडून सुरू करा" असं सांगितलं होतं. त्याप्रमाणे मी ३,४,९-ट्रायमिथिलडेकेन लिहिलं, बेरीज १६. उत्तरसूचीत २,७,८ आहे, म्हणजे बेरीज १७. मग बरोबर काय? आणि सारख्या लांबीच्या दोन साखळ्या दिसल्या किंवा दुहेरी बंध साखळीबाहेर राहत असला, तर कुठली साखळी धरायची?

उत्तर:

उत्तरसूची बरोबर आहे. बेरजेचा नियम आययूपीएसीच्या नियमावलीत नाही. तिथला नियम असा आहे की दोन्ही टोकांकडून येणारे नंबर चढत्या क्रमाने लिहायचे, डावीकडून एकेक जोडी ताडून पाहायची आणि जिथे पहिला फरक पडेल तिथे ज्या यादीत लहान आकडा आहे ती यादी घ्यायची. त्यापुढचे आकडे कितीही मोठे असोत, ते बघायचेच नाहीत.

तुझं संयुग असं आहे:

```
CH3-CH(CH3)-CH2-CH2-CH2-CH2-CH(CH3)-CH(CH3)-CH2-CH3
```

डाव्या टोकाकडून मोजलं तर मिथिल गट २, ७ आणि ८ वर येतात. उजवीकडून मोजलं तर ३, ४ आणि ९ वर. पहिली जोडी आहे २ आणि ३. दोन लहान, निकाल तिथेच लागला. ७ आणि ४ यांची तुलना करायची वेळच येत नाही.

बेरजेची युक्ती इतकी पसरली आहे याचं कारण ती बऱ्याचदा बरोबर उत्तर देते. साखळीवर एक किंवा दोनच शाखा असतील तर बेरीज आणि पहिला फरक यांचा निकाल नेहमी एकच येतो. ताडून बघ: साखळीत n कार्बन असतील तर एका टोकाकडून a नंबरचा कार्बन दुसऱ्या टोकाकडून n+1−a होतो. शाखा a आणि b वर असतील, a लहान असेल, तर उलट बाजूने यादी n+1−b, n+1−a अशी येते. a+b हे n+1 पेक्षा कमी असेल तर a सुद्धा n+1−b पेक्षा कमीच असणार. म्हणून सुरुवातीच्या स्वाध्यायातली सगळी उदाहरणं बेरजेने सुटतात, आणि तिसरी शाखा आली की घात होतो.

कधी कधी तर बेरजेला काही सांगताच येत नाही. नऊ कार्बनांच्या साखळीवर २, ५, ६, ७ या जागी चार मिथिल गट असतील तर उलट बाजूने ते ३, ४, ५, ८ होतात. दोन्हीकडची बेरीज २०. पहिला फरक मात्र लगेच सांगतो: २,५,६,७-टेट्रामिथिलनोनेन.

एक बारीक गोष्ट इथेच लक्षात ठेव. एका कार्बनवर दोन सारखे गट असतील तर तो नंबर यादीत दोनदा लिहायचा. पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक ठरवताना ज्याला १०० मानतात ते आयसोऑक्टेन म्हणजे २,२,४-ट्रायमिथिलपेंटेन. उलट बाजूने ते २,४,४ होतं. पहिली जोडी सारखी, दुसऱ्या जोडीत २ आणि ४, म्हणून २,२,४. जी मुलं "२,४-ट्रायमिथिल" लिहितात त्यांची यादीच अपुरी राहते आणि तुलना चुकते. ट्राय म्हटलं की तीन आकडे दिसलेच पाहिजेत.

आता साखळी. नंबर देण्याआधी साखळी पक्की व्हायला हवी, आणि इथे बहुतेकांची चूक डोळ्यांची असते. कागदावर जी ओळ सरळ आडवी काढली आहे ती मुख्य साखळी, असं डोळे गृहीत धरतात. साखळी वळली तरी चालते, सदाशिव पेठेतल्या बोळासारखी कितीही कोन घेऊ दे. अट एवढीच की पेन न उचलता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता आलं पाहिजे आणि एकाच कार्बनवरून दोनदा जायचं नाही.

हे एका उदाहरणावर पूर्ण करून दाखवतो, कारण सारख्या लांबीच्या दोन साखळ्यांचा तुझा प्रश्नही त्यातच सुटतो.

```
CH3-CH2-CH2-CH2-CH-CH(CH3)-CH2-CH3
                |
                CH2-CH(CH3)-CH3
```

ज्या कार्बनवरून तीन फांद्या फुटतात त्यावर बोट ठेव. त्याच्या प्रत्येक बाजूने जास्तीत जास्त किती कार्बन लांब जाता येतं ते पेन्सिलने शेजारी लिही. डावीकडे ४. उजवीकडे ३, कारण `CH(CH3)` नंतर `CH2` आणि `CH3` आहेत, आणि कंसातल्या मिथिलकडे वळलं तर दोनच होतात. खाली ३. आता सगळ्यांत मोठे दोन आकडे घ्यायचे आणि मधला कार्बन मिळवायचा: ४ + १ + ३ = ८. म्हणजे हे ऑक्टेन आहे. पण ३ दोन ठिकाणी आहेत, म्हणून आठ कार्बनांच्या साखळ्याही दोन निघतात. एक सरळ आडवी, दुसरी डावीकडून येऊन खाली वळणारी.

लांबी सारखी आली की पुढची पायरी म्हणजे ज्या साखळीवर शाखा जास्त ती घ्यायची. आडवी साखळी धरली तर तिच्यावर दोन शाखा आहेत, एक मिथिल आणि एक चार कार्बनांची खाली लोंबणारी. वळणारी साखळी धरली तर तिच्यावरही दोनच, एक मिथिल आणि एक चार कार्बनांची उजवीकडची. पुन्हा बरोबरी.

मग त्यापुढची पायरी: ज्या साखळीवर शाखांचे नंबर लहान येतात ती. आडव्या साखळीला उजवीकडून नंबर दिले तर मिथिल ३ वर आणि मोठी शाखा ४ वर येते. डावीकडून दिले तर ५ आणि ६, म्हणजे तिचं सगळ्यांत चांगलं म्हणजे ३,४. वळणाऱ्या साखळीला खालच्या टोकाकडून नंबर दिले तर मिथिल २ वर आणि मोठी शाखा ४ वर. २,४ आणि ३,४ ताडले की पहिल्याच जोडीत निकाल लागतो. मुख्य साखळी वळणारी.

तिच्या ४ नंबरच्या कार्बनवर जी शाखा आहे ती चार कार्बनांची असून दुसऱ्या कार्बनने जोडलेली आहे, म्हणून तिचं नाव ब्युटेन-२-इल. जुन्या पुस्तकांत तिलाच सेकंडरी ब्युटिल म्हणतात. पूर्ण नाव झालं ४-(ब्युटेन-२-इल)-२-मिथिलऑक्टेन. कार्बन मोजून घे: ऑक्टेनचे ८, मिथिलचा १, ब्युटिलचे ४, एकूण १३. चित्रातही १३ आहेत.

सरळ ओळ पाहून लिहिलेलं नाव ३-मिथिल-४-(२-मिथिलप्रोपिल)ऑक्टेन आलं असतं. त्या नावावरून रेणू काढला तर हाच रेणू मिळतो, तरीही नाव चूक आहे. नावावरून रेणू सापडणं पुरेसं नसतं. एका रेणूला सगळीकडे एकच नाव पडावं म्हणून या पायऱ्या आहेत. आणि त्या पायऱ्यांबद्दल सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच की पुढची पायरी फक्त आधीच्या पायरीवर बरोबरी झाली तरच चढायची. वरच्या उदाहरणात लांबीवरच निकाल लागला असता तर शाखा मोजायची गरज नव्हती. अर्ध्याहून जास्त चुका नियम माहीत नसल्याने होत नाहीत, नियम चुकीच्या क्रमाने लावल्याने होतात.

शाखांच्या संख्येवर निकाल लागतो असं छोटं उदाहरण हवं असेल तर हे बघ:

```
CH3-CH2-CH2-CH-CH2-CH3
            |
            CH(CH3)-CH3
```

इथे आडवी साखळी सहाची आहे आणि खाली वळणारीही सहाचीच. आडवी धरली तर एकच शाखा, तीन कार्बनांची. वळणारी धरली तर दोन, इथिल आणि मिथिल. म्हणून ३-इथिल-२-मिथिलहेक्झेन. मुलांना "मोठी शाखा एकदाच काढून टाकली की नाव सोपं होतं" असं वाटतं आणि ती आयसोप्रोपिलहेक्झेन लिहितात. नियमाचा रोख नेमका उलटा आहे: शाखा जितक्या जास्त तितक्या त्या साध्या राहतात, आणि कंसातली किचकट नावं टळतात.

आतापर्यंत फक्त अल्केन घेतले. क्रियात्मक गट आला की लांबी पहिल्या पायरीवरून खाली उतरते. तेव्हा पहिला प्रश्न असा की मुख्य क्रियात्मक गट कुठला, आणि साखळीत तो आहे का. हे दाखवायला एक खरंखुरं औद्योगिक संयुग घेऊ, प्लास्टिक मऊ करणारे पदार्थ बनवायला जे वापरतात:

```
CH3-CH2-CH2-CH2-CH-CH2-CH3
                |
                CH2-OH
```

सगळ्यांत लांब साखळी सातची आहे, आडवी. पण `-OH` ज्या कार्बनवर आहे तो तिच्यात येत नाही. म्हणून ती साखळी बादच. `-OH` चा कार्बन पोटात घेणारी सगळ्यांत लांब साखळी खालून सुरू होऊन डावीकडे जाते, ती सहाची. नाव २-इथिलहेक्झेन-१-ऑल. ३-(हायड्रॉक्सीमिथिल)हेप्टेन असं लिहिलं तर मुख्य गट प्रत्ययात न राहता उपसर्गात गेला, आणि तिथे पहिलाच नियम मोडला.

एकाहून जास्त गट असतील तर मुख्य कुठला हे ज्येष्ठतेच्या क्रमाने ठरतं. अकरावी-बारावीला लागणारा क्रम वरून खाली असा: आम्ल, एस्टर, आम्ल क्लोराइड, अमाइड, नायट्राइल, अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल, अमाइन. जो वर तो प्रत्यय होतो, बाकीचे उपसर्ग होतात: `-OH` चं हायड्रॉक्सी, `-NH2` चं अमिनो. क्लोरो, ब्रोमो, नायट्रो आणि मिथॉक्सीसारखे गट या स्पर्धेत नाहीतच. ते कायम उपसर्गच असतात, आणि साखळी निवडताना त्यांना मिथिलपेक्षा जराही जास्त वजन नसतं. क्लोरीनला "महत्त्वाचा" समजून त्याला लहान नंबर देण्याची सवय अनेकांना असते, तिला नियमाचा आधार नाही.

नंबर देतानाही तशाच पायऱ्या आहेत. आधी मुख्य गटाला लहान नंबर. तिथे बरोबरी झाली किंवा मुख्य गटच नसला तर दुहेरी-तिहेरी बंधांना. तिथेही बरोबरी झाली तर सगळे उपसर्ग एकत्र धरून पहिला फरक. आणि तिथेही निकाल लागला नाही तरच वर्णक्रम.

पहिल्या पायरीची ताकद डायअसिटोन अल्कोहोलवर दिसते. रंगांत वापरला जाणारा हा द्रावक आहे:

```
(CH3)2C(OH)-CH2-CO-CH3
```

कीटोन अल्कोहोलपेक्षा ज्येष्ठ, म्हणून नाव -ओन ने संपणार आणि `-OH` हायड्रॉक्सी होणार. साखळी पाचची. डावीकडून नंबर दिले तर हायड्रॉक्सी २, मिथिल २, कीटोन ४, आणि ते २,२,४ आयसोऑक्टेनसारखं मोहक दिसतं. पण सगळे आकडे एका टोपलीत टाकायचे नाहीत. आधी फक्त कीटोनचा आकडा बघायचा: डावीकडून ४, उजवीकडून २. निकाल लागला. नाव ४-हायड्रॉक्सी-४-मिथिलपेंटेन-२-ओन. पहिल्या फरकाचा नियम शिकलेली मुलंसुद्धा इथे चुकतात, कारण तो कुठल्या पायरीवर लावायचा ते त्यांनी पाहिलेलं नसतं.

दुहेरी आणि तिहेरी बंध दोन्ही असतील तर आधी दोघांचे आकडे एकत्र ताडायचे. `CH3-CH=CH-C≡CH` मध्ये उजवीकडून १,३ येतात आणि डावीकडून २,४, म्हणून पेंट-३-ईन-१-आइन. नाव लिहिताना ईन आधी येतो म्हणून त्याला लहान नंबर मिळतो असं नाही. दुहेरी बंधाला झुकतं माप फक्त बरोबरी झाली तर मिळतं, जसं `CH2=CH-CH2-C≡CH` मध्ये: दोन्हीकडून १,४, म्हणून पेंट-१-ईन-४-आइन.

वर्णक्रमाबद्दल मराठीतून शिकलेल्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती कुणी सांगत नाही. इथला क्रम रोमन स्पेलिंगचा आहे, आपल्या बाराखडीचा नाही. आपल्या वर्णमालेत क आधी आणि ब बराच नंतर, म्हणून क्लोरो आधी आणि ब्रोमो नंतर यावंसं वाटतं. रोमनमध्ये ब्रोमो बी ने आणि क्लोरो सी ने सुरू होतो, म्हणून ब्रोमो आधी. इथिल ई ने, मिथिल एम ने. आयसोप्रोपिल आय खाली येतो. कच्च्या वहीत मराठीत नावं लिहीत असशील तरी क्रम लावताना स्पेलिंग डोळ्यांसमोर आण.

हा वर्णक्रम दोन वेगळी कामं करतो आणि ती मिसळू द्यायची नाहीत. एक काम म्हणजे उपसर्ग कुठल्या क्रमाने लिहायचे, हे नेहमीच लागू. दुसरं काम म्हणजे नंबरांची बरोबरी सोडवणं, हे फक्त शेवटच्या पायरीवर. ४-इथिल-२-मिथिलहेप्टेन हे नाव बघ. इथिल आधी लिहिलंय, पण नंबर मोठा त्याचाच आहे. इथिलला लहान नंबर द्यायला गेलं तर उलट बाजूनेही ते ४ वरच राहतं आणि मिथिल ६ वर जातं, यादी २,४ ऐवजी ४,६ होते.

आणि हे खऱ्या बरोबरीचं उदाहरण:

```
CH3-CHCl-CH2-CO-CH2-CHBr-CH3
```

सात कार्बन, कीटोन बरोबर मध्ये, दोन्हीकडून ४. उपसर्गांचे नंबर दोन्हीकडून २,६. आता कुठे वर्णक्रमाची पाळी येते: ब्रोमोला २. नाव २-ब्रोमो-६-क्लोरोहेप्टेन-४-ओन. बाराखडीने क्रम लावला असता तर नेमकं उलटं नाव पडलं असतं.

डाय, ट्राय, टेट्रा हे नुसते मोजणारे शब्द वर्णक्रमात धरत नाहीत, म्हणून ४-इथिल-२,२-डायमिथिलहेक्झेन मध्ये इथिल आधी, जरी डी हा ई च्या आधी असला. पण कंसातल्या गुंतागुंतीच्या शाखेचं डाय हा तिच्या नावाचाच भाग असतो. (१,२-डायमिथिलप्रोपिल) ही शाखा डी खालीच धरायची.

तुझ्या प्रश्नाचा शेवटचा भाग, साखळीबाहेरचा दुहेरी बंध. इथे दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही माहीत असलेली बरी. हा रेणू घे:

```
CH2=C(CH2-CH3)-CH2-CH2-CH2-CH3
```

१९७९ च्या नियमांप्रमाणे साखळी निवडताना दुहेरी बंध लांबीच्या वर होता. म्हणून दुहेरी बंध पोटात घेणारी सहाची साखळी, आणि नाव २-इथिलहेक्स-१-ईन. आययूपीएसीच्या २०१३ च्या शिफारशींनी हा क्रम उलटवला. आता लांबी आधी, दुहेरी बंध नंतर. सगळ्यांत लांब साखळी सातची, ती इथिलमधून येऊन ब्युटिलकडे जाते आणि दुहेरी बंध बाहेर राहतो. बाहेर राहिलेल्या `=CH2` ला मिथिलिडीन म्हणतात, म्हणून नाव ३-मिथिलिडीनहेप्टेन. मुख्य क्रियात्मक गटाचं स्थान मात्र दोन्ही नियमांत सगळ्यांत वर तसंच आहे, ते बदललेलं नाही.

शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत अजून जुनाच क्रम चालतो, म्हणून बोर्डाच्या आणि प्रवेश परीक्षांच्या पेपरात २-इथिलहेक्स-१-ईन लिही. पुढे पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत किंवा कुठल्या कंपनीत काम करताना नव्या शोधनिबंधात ३-मिथिलिडीनहेप्टेन दिसलं तर ते चूक समजू नकोस. दोन पुस्तकांची उत्तरं जुळत नसतील तर आधी रेणूत साखळीबाहेर जाऊ शकणारा दुहेरी बंध आहे का ते बघ. बऱ्याचदा भांडण तिथेच असतं.

नंबर कुठे लिहायचा याचंही असंच. जुन्या पद्धतीत २-ब्युटेनॉल, १९९३ पासून ब्युटेन-२-ऑल. आकडा ज्या तुकड्याचा आहे त्याच्या लगेच आधी. दोन्ही वाचता आली पाहिजेत, लिहिताना एकच पद्धत धर. आकड्यांमध्ये स्वल्पविराम, आकडा आणि अक्षर यांच्यामध्ये आडवी रेघ, आणि शेवटचा उपसर्ग साखळीच्या नावाला जागा न सोडता चिकटवून. "मिथिल हेक्झेन" नाही, मिथिलहेक्झेन.

उत्तर लिहून झाल्यावर तपासण्याची एक रीत आहे, अल्केनसाठी अगदी नेमकी चालते. शाखा ज्या नंबरवर आहे तो जवळच्या टोकाकडून मोज, आणि शाखेत सरळ किती कार्बन लांब जाता येतं ते मोज. शाखेची लांबी त्या नंबरपेक्षा कमीच असली पाहिजे. दोनवर इथिल असू शकत नाही, तीनवर प्रोपिल असू शकत नाही, कारण तसं झालं तर शाखेतूनच जास्त लांब साखळी निघते. २-इथिलपेंटेन हे नाव लिहिलं की दोनवर दोनची शाखा दिसते, म्हणजे कुठेतरी सहाची साखळी सुटली आहे. खरं नाव ३-मिथिलहेक्झेन.

शाखेची लांबी नंबरपेक्षा बरोबर एकने कमी असेल तर साखळी तेवढीच लांब अशी दुसरी निघते, आणि बरोबरीच्या पायऱ्या लावून बघाव्या लागतात. ३-इथिल-२-मिथिलहेक्झेनमध्ये तीनवर दोनची शाखा आहे, ४-(ब्युटेन-२-इल)-२-मिथिलऑक्टेनमध्ये चारवर तीनची. वर ज्या दोन रेणूंत बरोबरी आली ते हेच. मुख्य क्रियात्मक गट असेल तर ही तपासणी चालेलच असं नाही. २-इथिलहेक्झेन-१-ऑलमध्ये दोनवर इथिल आहे आणि ते बरोबर आहे, कारण तिथे लांबीने नाही तर `-OH` ने साखळी ठरवली.